घसादुखीची चिठ्ठी कशी वाचावी? अँटिबायोटिक, वेदनाशामक आणि अ‍ॅसिडिटीची गोळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घसा दुखतो म्हणून दवाखान्यात जावं आणि चार औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर यावं, हा नेहमीचा प्रकार आहे. मग शंका येते, की घशासाठी गेलो होतो, तर पोटाची गोळी कशाला? खाली एक नमुन्याची चिठ्ठी दिली आहे. वय ३४, ताप १०१.५, तीन दिवसांपासून घसादुखी, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात. पुढची सगळी उत्तरं याच चिठ्ठीला धरून आहेत.

१) टॅब. अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० + क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड १२५, १-०-१, जेवणानंतर, ५ दिवस
२) टॅब. असेक्लोफेनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५, १-०-१, जेवणानंतर, ३ दिवस
३) टॅब. पॅन्टोप्रॅझोल ४०, १-०-०, जेवणापूर्वी, ५ दिवस
४) टॅब. पॅरासिटामॉल ६५०, एसओएस

१-०-१, ओडी, बीडी, एसओएस म्हणजे काय?

तीन आकडे म्हणजे सकाळ, दुपार, रात्र. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. काही डॉक्टर हेच बीडी असं लिहितात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. एसी म्हणजे जेवणापूर्वी आणि पीसी म्हणजे जेवणानंतर. ही दोन अक्षरं घाईत एकसारखी दिसतात, म्हणून मेडिकलवाल्याला तोंडी विचारून घ्यावं.

एसओएस म्हणजे लागली तरच. ही गोळी वेळापत्रकात बसत नाही. ताप चढला किंवा घसा फार ठणकला तर घ्यायची, नाहीतर पाकिटातच राहू द्यायची. ती नेमाने दिवसातून तीनदा घेणारे बरेच असतात, आणि त्यातून काय होतं ते पुढे येईलच.

डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ मध्ये झाला. तरी अक्षर लागलं नाही तर अंदाज बांधू नये. दवाखान्यात परत जाऊन विचारण्यात कमीपणा काही नाही.

एकूण किती गोळ्या घ्यायच्या?

दिवसाच्या गोळ्या गुणिले दिवस. आपल्या चिठ्ठीत पहिल्या औषधाच्या १० गोळ्या, दुसऱ्याच्या ६, तिसऱ्याच्या ५. एसओएसच्या चार-सहा पुरतात.

घोळ होतो तो पहिल्या ओळीत. पट्टी सहाची असेल तर मेडिकलमध्ये ‘एक पट्टी देतो, लागलं तर परत या’ म्हणतात. तिसऱ्या दिवशी घसा बरा झालेला असतो, दुसऱ्या पट्टीसाठी कोणी जात नाही आणि दहाऐवजी सहाच गोळ्या पोटात जातात. अँटिबायोटिकचा आकडा दुकानातच मोजून घ्यावा. वेदनाशामकाच्या दोन उरल्या तर काही बिघडत नाही.

घसा बहुतेक वेळा व्हायरसने दुखतो म्हणतात. मग अँटिबायोटिक का दिलं?

खरं आहे. बहुतेक घसादुखी व्हायरसची असते आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. ती आठवडाभरात आपोआप बरी होते. डॉक्टर शोधत असतात तो एकच मुख्य जंतू, ‘ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस’, म्हणजे बोलीतला स्ट्रेप.

तो असण्याची शक्यता चार खुणांवरून मोजतात: ताप १००.४ च्या वर, टॉन्सिलवर पू किंवा सूज, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, आणि खोकला नसणे. प्रत्येक खुणेला एक गुण. वय ३ ते १४ असेल तर एक गुण जास्त, ४५ किंवा पुढे असेल तर एक कमी. आपल्या रुग्णाला चारपैकी चार मिळतात, म्हणून पहिली ओळ समर्थनीय आहे. पण एवढे गुण मिळूनही अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांच्याच घशात स्ट्रेप सापडतो. खात्री करायची तर बहुधा घशातला स्वॅब कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीला, पाठवावा लागतो आणि त्याला एक-दोन दिवस जातात. बऱ्याच छोट्या दवाखान्यांत डॉक्टर तेवढं थांबत नाहीत.

उलट बाजू पाहा. नाक वाहतंय, शिंका येतायत, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, तर ती जवळजवळ नक्की व्हायरसची लक्षणं. अशा वेळी चिठ्ठीत अँटिबायोटिक दिसलं तर सरळ विचारावं: ‘डॉक्टर, टॉन्सिलवर पू दिसला का? ही गोळी दोन दिवस थांबून सुरू केली तर चालेल का?’ पेशंट स्वतःहून थांबायला तयार आहे म्हटल्यावर पुष्कळ डॉक्टर होकार देतात. अँटिबायोटिक नाही दिलं तर पेशंट नाराज होईल, या समजुतीनेही ती ओळ लिहिली जाते.

स्ट्रेप असला तरी घसा आपोआप बरा होत नाही का?

होतो. अँटिबायोटिकने घसादुखीचा काळ सरासरीने दिवसभराहूनही कमीच घटतो. ते देण्यामागचं मोठं कारण पुढचं आहे. स्ट्रेपनंतर दोन-तीन आठवड्यांनी काही जणांना, विशेषतः ५ ते १५ वयाच्या मुलांना, र्‍हुमॅटिक ताप येतो. आधी गुडघा, मग घोटा, मग मनगट असे सांधे आळीपाळीने सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. श्रीमंत देशांत हा आजार आता क्वचित दिसतो, भारतात अजून दिसतो. त्यामुळे शाळकरी मुलाच्या घशाकडे इथले डॉक्टर जास्त गांभीर्याने पाहतात.

५ दिवस पुरेत का? आणि दोन दिवसांत बरं वाटलं तर थांबवायचं का?

पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिनने स्ट्रेप घशातून पुरता घालवून र्‍हुमॅटिक ताप टाळायचा असेल, तर प्रचलित कोर्स १० दिवसांचा आहे. चिठ्ठीत ५ दिवस असतील तर दोन शक्यता. एक, डॉक्टरांनी पाचव्या दिवशी परत बोलावलंय आणि पाहून पुढचे दिवस वाढवणार आहेत. दोन, त्यांना स्ट्रेपची फारशी खात्री नाही. ‘पाच दिवसांनी दाखवायला येऊ की औषध संपवून टाकू?’ हे विचारलं की उलगडा होतो.

अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं असेल तर तीन किंवा पाच गोळ्यांवर भागतं, कारण ते पेशींमध्ये बरेच दिवस टिकून राहतं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी ते राखलेलं बरं. पण दिवसातून एकच गोळी आणि कोर्स छोटा, म्हणून ते सर्रास लिहिलं जातं आणि त्याला न जुमानणारे स्ट्रेप वाढतात.

बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने थांबवू नये. मात्र कल्चरचा रिपोर्ट ‘स्ट्रेप नाही’ असा आला आणि डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलं, तर उरलेल्या गोळ्या संपवायचा हट्टही नको. त्या पुढच्या वेळेसाठी कपाटात जपून ठेवणं तर नकोच.

जाता जाता एक. पहिल्या ओळीतली गोळी ५०० अधिक १२५, म्हणजे ६२५ ची. तिच्यातला १२५ भाग, क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड, हा जंतू मारायला नसतो. काही जंतू अ‍ॅमॉक्सिसिलिन फोडणारं एन्झाइम बनवतात, त्याला तो अडवतो. स्ट्रेप ते एन्झाइम बनवतच नाही. म्हणजे निव्वळ स्ट्रेपसाठी साधं अ‍ॅमॉक्सिसिलिन पुरतं, आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडमुळे जुलाब मात्र जास्त होतात. टॉन्सिल वारंवार धरत असतील किंवा सोबत सायनस, कान असा त्रास असेल तर ६२५ देण्याला अर्थ आहे.

वेदनाशामकाच्या दोन ओळी का आहेत?

कारण ती दोन वेगळी औषधं आहेत. पॅरासिटामॉल ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, पण सूज फारशी ओसरवत नाही. असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सूजही उतरवतात. टॉन्सिल इतके सुजलेत की पाणी गिळवत नाही, तेव्हा ही दुसरी जात कामी येते. तीन दिवसच दिली आहे, कारण तेवढ्यात सूज ओसरायला हवी.

पण याच जातीचं एक जोखमीचं रूप पावसाळ्यात दिसतं. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यूचे दिवस. डेंग्यूच्या सुरुवातीलाही ताप, अंगदुखी आणि घसा लाल असू शकतो. डेंग्यूत प्लेटलेट घटलेल्या असताना या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप अचानक १०२-१०३ वर गेला असेल, डोळ्यांमागे दुखत असेल आणि घशात डॉक्टरांना विशेष काही दिसलं नसेल, तर डेंग्यूची शंका फिटेपर्यंत फक्त पॅरासिटामॉलवर राहावं. दमा, किडनीचा आजार, पूर्वीचा अल्सर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर ते चिठ्ठी लिहायच्या आधीच सांगावं.

पॅरासिटामॉल दोन ठिकाणी आहे. जास्त होणार नाही?

ही बेरीज प्रत्येकाने स्वतः करावी. दुसऱ्या ओळीतून ३२५ दोनदा, म्हणजे ६५०. एसओएसची ६५० ची गोळी तीनदा घेतली तर १,९५०. एकूण २,६०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा दिवसाला ४,००० आहे, म्हणजे चिठ्ठीपुरतं सगळं ठीक.

गडबड चिठ्ठीबाहेरच्या गोळीने होते. घरात सर्दीची गोळी असते, तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं. समजा तिच्यात ५०० आहे आणि ती तीनदा घेतली, तर आणखी १,५०० वाढून ४,१०० झाले. रोज दारू घेणाऱ्यांचं, यकृताचा आजार असणाऱ्यांचं किंवा ताप-उलट्यांनी उपाशी असणाऱ्यांचं यकृत याहून बऱ्याच कमी आकड्यालाही दुखावतं. म्हणून पाकिटावरचं नाव न पाहता खालच्या बारीक अक्षरांतला घटक पाहावा. दोन पॅरासिटामॉलमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्यावेत. सकाळी आठला दुसऱ्या ओळीतली जोडगोळी घेतली असेल तर नऊला ताप आहे म्हणून ६५० टाकायची नाही.

घशाच्या चिठ्ठीत अ‍ॅसिडिटीची गोळी कशासाठी?

बहुतेकांना वाटतं की अँटिबायोटिक ‘गरम पडतं’ म्हणून. प्रत्यक्षात तिसरी ओळ दुसऱ्या ओळीमुळे असते.

जठरात अन्न पचवायला तीव्र आम्ल असतं. त्याने जठर स्वतःच भाजू नये म्हणून आतल्या अस्तरावर बुळबुळीत थर असतो, आणि तो राखण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. घशात सूज आणि वेदना निर्माण करण्यातही प्रोस्टाग्लँडिनचाच हात असतो. असेक्लोफेनॅक ती बनूच देत नाही. घशातली सूज उतरते, पण त्याच वेळी जठराचा थरही विरळ होतो. गोळी रक्तातून काम करते, म्हणून भरल्यापोटी घेतली तरी हा परिणाम पुरता टळत नाही. मळमळ तेवढी कमी होते. पॅन्टोप्रॅझोल आम्ल तयार करणारे पंपच बंद करतं, म्हणजे थर विरळ असतानाही जळायला आम्ल कमी.

यावरूनच कळतं की ही गोळी कधी हवी आणि कधी नको. साठी-पासष्टी ओलांडलेली, पूर्वी अल्सर झालेला, अ‍ॅस्पिरिन, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू, अशा माणसाला सूज उतरवणारं वेदनाशामक दिलंच तर सोबत ही हवीच. धडधाकट ३४ वर्षांच्या माणसाला तीन दिवसांसाठी ती सवयीने दिलेली असते. नुकसान फारसं नाही, गरजही फारशी नाही. आणि वेदनाशामक म्हणून फक्त पॅरासिटामॉल असेल, पेशंटला आधीपासून जळजळ नसेल, तर तिसऱ्या ओळीला बहुधा काही कामच उरत नाही. ‘मला अ‍ॅसिडिटीचा त्रास नाही, ही गोळी कशासोबत दिली आहे?’ असं विचारायला हरकत नाही.

आपल्या चिठ्ठीतही एक विसंगती आहेच: वेदनाशामक तीन दिवस, पॅन्टोप्रॅझोल पाच. दोन जादा दिवसांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘बरं वाटतं’ म्हणून तीच गोळी पुढे महिनोन् महिने चालू ठेवल्यावर. मग बंद केली की काही दिवस आम्ल उसळून येतं आणि माणूस म्हणतो, बघा, मला ही लागतेच.

ती जेवणापूर्वीच का घ्यायची?

कारण पॅन्टोप्रॅझोल चालू असलेलाच पंप बंद करू शकतं आणि पंप चालू होतात जेवणाने. नाश्त्याच्या अर्धा तास आधी गोळी घेतली की ती रक्तात पोहोचते तेव्हाच पंप सुरू होत असतात. जळजळ झाली की लगेच एक, असा तिचा उपयोग होत नाही. त्यासाठी गुलाबी-पांढरं पातळ औषध असतं. गोळीवर आम्लात न विरघळणारं आवरण असतं, म्हणून ती चावायची, तोडायची किंवा कुटून द्यायची नाही.

दिवस असा लागतो: साडेसातला पॅन्टोप्रॅझोल पाण्यासोबत, आठला पोहे किंवा पोळी-भाजी, लगेच ६२५ आणि जोडगोळी. रात्री आठला जेवण आणि पुन्हा त्या दोन. नुसत्या चहा-बिस्किटावर ६२५ घेतली की मळमळ ठरलेली. जेवणाचा पहिला घास घेताना घेतली तरी उत्तम.

अ‍ॅसिडिटीच्या औषधाने अँटिबायोटिकचा परिणाम कमी होतो का?

६२५ च्या बाबतीत नाही. पण चिठ्ठीत सेफपोडॉक्झिम किंवा सेफ्युरॉक्झिम असेल तर लक्ष द्यावं. ती शोषली जायला जठरातलं आम्ल मदत करतं, आणि आम्लच बंद केलं तर औषध कमी लागू पडतं. अशा वेळी अ‍ॅसिडिटीची गोळी खरंच हवी का, ते विचारून घ्यावं, आणि ही अँटिबायोटिक जेवणानंतरच घ्यावीत. सेफिक्झिमला ही अडचण नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांत दोन तासांचं अंतर ठेवावं.

पॅन्टोप्रॅझोलच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर त्यात डॉम्पेरिडोन हे उलटीचं औषधही आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि डॉम्पेरिडोन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. हृदयरोग्याला ही जोडी आली असेल तर गोळी घेण्यापूर्वी फोन करावा.

गोळ्या सुरू केल्यावर पित्त झालं. अ‍ॅसिडिटीची गोळी वाढवू का?

आधी कोणतं पित्त ते ठरवा. छातीत जळजळ, आंबट ढेकर हे पित्त वेगळं आणि अंगावर खाज सुटून गांधी उठणं हे पित्त वेगळं. शब्द एक, पण दुसरं बहुधा औषधाची अ‍ॅलर्जी असते. ती अँटिबायोटिकची असू शकते, वेदनाशामकाचीही. पुढची गोळी घेऊ नये आणि डॉक्टरांना लगेच कळवावं. ओठ, पापण्या सुजल्या, दम लागला, चक्कर आली तर थेट हॉस्पिटल. डॉक्टरांना फोनवर ‘पित्त झालं’ एवढंच सांगितलं तर ते अ‍ॅसिडिटी समजतील, म्हणून ‘अंगावर उठलंय’ असं स्पष्ट म्हणावं. अ‍ॅलर्जी ठरली तर त्या औषधाचं नाव कागदावर लिहून कायम जवळ ठेवावं.

६२५ ने दिवसातून दोन-तीनदा पातळ शौचाला होऊ शकतं. त्यावर पॅन्टोप्रॅझोलचा काही उपयोग नाही. पाणी, ताक, मीठ-साखरेचं पाणी घ्यावं. शौचातून रक्त पडलं किंवा ताप पुन्हा चढला तर दाखवावं.

मेडिकलमध्ये दुसऱ्याच नावाची गोळी दिली. चालेल?

घटक, मात्रा आणि प्रकार हे तिन्ही जुळले तर चालतं. जनऔषधी केंद्रात मूळ नावानेच मिळते आणि स्वस्त पडते. ६२५ ऐवजी ३७५ दिली तर मात्र ते दुसरंच झालं: त्यात अ‍ॅमॉक्सिसिलिन २५० असतं. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. गेल्या वेळची चिठ्ठी दाखवून शेजाऱ्यासाठी तीच अँटिबायोटिक आणणं यात बसत नाही.

लहान मुलाच्या चिठ्ठीत वेगळं काय पाहायचं?

वजन लिहिलंय का ते. मात्रा वजनावर ठरते. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १६ किलोच्या मुलाला २४०. बाजारात ५ मिलीत १२० आणि ५ मिलीत २५० अशी दोन्ही सिरप मिळतात. पहिल्याचे १० मिली लागतात, दुसऱ्याचे ५ मिलीला किंचित कमी. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला तर मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते. घरातला चमचा वापरू नये, सोबतचं माप किंवा सिरिंज वापरावी.

अँटिबायोटिकच्या पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत भरायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत. ६२५ च्या जातीचं सिरप फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं. दहा दिवसांच्या कोर्सला दुसरी बाटली लागते ती यामुळेच. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे.

औषधं चालू असताना डॉक्टरांकडे कधी परत जायचं?

स्ट्रेप असेल तर दोन-तीन दिवसांत ताप उतरायला हवा. नाही उतरला तर निदान दुसरं असू शकतं. तरुणांमध्ये ग्रंथिज्वर हा व्हायरसचा आजार हुबेहूब टॉन्सिलसारखा दिसतो, आणि त्यात अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं की अंगभर पुरळ उठू शकतं.

लाळही गिळवत नाही, तोंड पुरतं उघडत नाही, एकाच बाजूचा टॉन्सिल फुगून आवाज घोगरा झालाय, श्वास घेताना घरघर होतेय, घशात राखाडी पापुद्रा दिसतोय किंवा मान सुजलीय, तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठावं. पापुद्रा आणि सुजलेली मान ही घटसर्पाची खूण असू शकते, विशेषतः लसी राहिलेल्या मुलात. आणि घसा बरा होऊन दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजले, धाप लागली किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर जुनी चिठ्ठी सोबत घेऊनच जावं. त्या घसादुखीची तारीख आणि अँटिबायोटिकचे दिवस डॉक्टरांना तिथून लगेच कळतात.